सुट्टी मिळाली ते गेट पास

जनरल वॉर्डात पेशंटलाही कामं असतात, हे मला तिथे राहिल्यावरच कळलं. शेजारणीची सलाइन संपत आली की सिस्टरला हाक मारायची, समोरची बाई एक्सरेला गेली तर तिच्या पिशवीकडे आणि चपलांकडे लक्ष ठेवायचं, रात्री कुणाची झोपेत नळी अंगाखाली आली तर तिला हलवून कुशीवर करायचं. ही कामं कुणी वाटून देत नाही. जिला दिसतं, जिला वाचता येतं, जी जागी असते, तिच्याकडे ती आपोआप येतात. माझ्याकडे वाचायचं काम आलं होतं. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच सगळ्या मला ‘मॅडमजी’ म्हणू लागल्या आणि प्रत्येकीची चिठ्ठी, रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं माझ्या खाटेवर यायला लागली.

म्हणून घरी जायची वेळ आली तेव्हा नुसतं हात जोडून निघणं मला जमण्यासारखं नव्हतं. नर्सेस ड्यूटी संपवताना खाटेखाटेशी उभ्या राहून पुढच्या पाळीला ‘ओव्हर’ देतात: हिचा ताप इतका, हिचं इंजेक्शन दोन वाजता, हिला उपाशी ठेवायचंय. मलाही तसंच ओव्हर देऊन निघायचं होतं.

हे इंदूरचं एक ट्रस्टचं हॉस्पिटल, बायकांचा छातीचा वॉर्ड. मला न्यूमोनियानंतर उजव्या फुप्फुसाभोवती पू साठला होता. बरगड्यांमधून नळी घालून तो बाहेर काढत होते. नळीचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडलेलं असतं, म्हणजे आतला पू आणि हवा बाहेर येते पण बाहेरची हवा आत जात नाही. वॉर्डात तिला सगळे ‘आयसीडी’ म्हणतात आणि ज्यांना ती लावलेली असते त्या बायका बाटली हातात धरून बाथरूमला जाताना दिसतात. माझी नळी आदल्या दिवशीच काढली होती. डॉक्टरांनी मोठा श्वास घेऊन रोखायला सांगितलं, एकाने झटक्यात नळी ओढली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने आधीच घालून ठेवलेल्या टाक्याची गाठ आवळली. वर हवाबंद पट्टी. काही तासांनी एक्सरे. तो चांगला आला, म्हणून सकाळच्या राउंडला सर म्हणाले, “इनको आज छुट्टी दे दो.”

इंदूरला डिस्चार्ज कुणी म्हणत नाही, सुट्टीच म्हणतात. पण सुट्टी झाली हे सकाळी साडेनऊला कळलं तरी बाहेर पडायला दुपार होते. रेसिडेंट डॉक्टर आजाराची आणि उपचाराची समरी तयार करणार, वॉर्डातली न वापरलेली औषधं खाली फार्मसीत परत जाणार, फाइल बिलिंगला जाणार, मग विमा कंपनीची शेवटची मंजुरी. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती पोचल्यावर कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायला हवी. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी हे तास असतातच. मुलगा खाली काउंटरवर, हे त्याच्यासोबत, आणि मी वर. बायका हा वेळ कपडे भरून, पर्स मांडीवर घेऊन दाराकडे बघत काढतात. मला वाटतं, निरोपाची खरी वेळ हीच. एकदा गेट पास हातात आला की घरचे घाई करतात, वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन उभा असतो, मागे त्या खाटेसाठी नवी पेशंट स्ट्रेचरवर थांबलेली असते. त्या गर्दीत फक्त ‘चला, येते’ एवढंच होतं.

सगळ्यात आधी मी नऊ नंबरच्या खाटेशी गेले. तिथे महेश्वरकडच्या एक माय होत्या, सत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर मागावर बसलेल्या. त्यांच्या फुप्फुसाभोवती टीबीचं पाणी झालं होतं आणि त्यांनाही आयसीडी होती. सोबत नात, दहावीतली पोर. तिचे वडील आठवड्यातून एकदा येत, बाकी सगळं ती एकटी बघायची. मायच्या बाटलीकडे रात्री लक्ष ठेवायचं काम माझं झालं होतं, कारण मला झोप कमी आणि त्यांची खाट माझ्या तोंडासमोर.

ते काम नातीला द्यायचं तर तिला समजून द्यायला हवं होतं. तिला मी खाली जमिनीवर बाटलीसमोर बसवलं. बाटलीवर आकडे छापलेले असतात आणि रोज सकाळी सहाला सिस्टर पांढऱ्या चिकटपट्टीवर रेघ मारून तारीख लिहितात. मी विचारलं, “आज किती आलं?” ती म्हणाली, “नऊशे दहा.” आणि घाबरली, कारण राउंडला डॉक्टर शंभर-दोनशेच्या गोष्टी करत होते. मी म्हटलं, यातलं पाचशे तर बाटली लावताना सिस्टरनी स्वतः ओतलेलं पाणी आहे, ते आजीच्या अंगातून आलेलं नाही. आणि आजचा हिशोब करायचा तर कालची रेघ बघ. कालची रेघ ७८० वर, आजची ९१० वर. म्हणजे चोवीस तासांत १३० मिली. हाच आकडा डॉक्टरांना हवा असतो. तो दिवसेंदिवस खाली आला, खोकल्यावर बाटलीत बुडबुडे आले नाहीत आणि एक्सरेत फुप्फुस पसरलेलं दिसलं, की नळी काढायचा विचार सुरू होतो. एकट्या आकड्यावरून निघत नाही. बाटली भरली की सिस्टर ती बदलतील, तेव्हा नव्या बाटलीत पुन्हा पाणी असेल आणि रेघ पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

मग नळीतलं पाणी दाखवलं. माय श्वास घेत तसं नळीच्या बुडलेल्या टोकात पाणी थोडं वर चढायचं आणि सोडला की खाली यायचं. हे हलणं चालू असलं म्हणजे नळी उघडी आहे. ते एकदम थांबलं तर दोन शक्यता असतात. एक तर फुप्फुस पूर्ण पसरून नळीला येऊन टेकलंय, ही चांगली गोष्ट. किंवा नळी कुठे दुमडली, अंगाखाली आली, आत गाठ अडकली. यातलं काय आहे हे आपण ठरवायचं नाही. नळी दुमडलेली दिसली तर सरळ करायची आणि तरी हललं नाही तर सिस्टरला सांगायचं. आणि बाटली कधीच छातीच्या वर न्यायची नाही, खाटेवर तर मुळीच ठेवायची नाही, नाहीतर पाणी उलट आत जाऊ शकतं. धक्का लागून आडवी झालीच तर आधी उभी करायची, मग हाक मारायची. पोर हुशार. तिने शाळेच्या वहीचं मागचं पान काढलं आणि तारीख, काल, आज, फरक असे रकाने आखले. पहिल्या ओळीत १३० लिहिलं. मी तिला सांगितलं की ही वही राउंडला हातात ठेव आणि कुणी विचारलं की न लाजता सांग.

या मायशी वॉर्डात काही जणी नीट वागत नव्हत्या. टीबीचं नाव कळल्यापासून शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक स्टूल लांब ओढून बसायचे, तिच्या जगमधलं पाणी नको म्हणायचे. छातीच्या सरांनी राउंडला स्पष्ट सांगितलं होतं की थुंकीत जंतू नाहीत, आजार फुप्फुसाच्या आवरणात आहे, यांच्याजवळ बसल्याने कुणाला होणार नाही. पण राउंडला बोललेलं कुणी ऐकत नाही, कारण सगळे आपल्या खाटेपुरतं ऐकतात. म्हणून जाताना मी मायच्या खाटेवर टेकून बसले, त्यांच्याच पेल्यातून चहा घेतला आणि शेजारच्या सूनबाईंना जवळ बोलावून सरांचं वाक्य पुन्हा सांगितलं. उपदेश केला नाही. त्यांनी ऐकलं. स्टूल जवळ आलं की नाही ते मला दिसलं नाही, पण थोड्या वेळाने त्यांनी नातीला जेवायला विचारलं.

नातीला आणखी एक सांगितलं, कारण हे घरी गेल्यावर विसरलं जातं. मायच्या गोळ्या निदान सहा महिने चालणार आहेत आणि दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं की लोक बंद करतात. सरकारी नोंद झालेली आहे ना, टीबीच्या निक्षय नोंदणीचा नंबर कागदावर आहे ना, हे मी तिच्या फाइलमध्ये बोट ठेवून दाखवलं. त्या नोंदीवर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपयांच्या हिशोबाने बँकेत पैसे येतात. त्यासाठी मायचं खातं चालू हवं. ते गावच्या आशाताईंना विचारायचं, असं वहीतच लिहून दिलं.

त्या दिवशी मी घरून आणलेली माहेश्वरी नेसले होते. उजवा हात वर घेतला की टाका ओढतो, म्हणून माझ्या सुनेने पुढून बटणांचा ब्लाउज आणला होता आणि नेसवलंही तिनेच. मायने माझा पदर हातात घेतला, काठ उलटा केला, पुन्हा सुलटा केला. दोन्हीकडून सारखा. “बुगडी है,” म्हणाल्या. मग पदरावरचे पट्टे मोजले, तीन रंगीत, मध्ये दोन पांढरे. सुताला नख लावून बघितलं. इतके दिवस जो हात वीगो, म्हणजे सलाइनची सुई, लावलेला आणि सुजलेला बघितला होता, त्याची बोटं काठावरून किती सहज फिरत होती! त्यांनी काहीतरी चूक काढली, एका ठिकाणी धागा सैल सुटलाय म्हणाल्या. मला ते फार आवडलं. त्या क्षणी पेशंट कुणीच नव्हतं, एक विणणारी होती आणि एक नेसणारी.

अकरा नंबरशी जाणं मात्र जड होतं. देवासच्या बाई, माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांच्या छातीत पाणी पुन्हा पुन्हा भरत होतं. दोनच दिवसांपूर्वी त्यांचा मुलगा पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन व्हरांड्यात माझ्याकडे आला होता. त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्याचं लिहिलं होतं. मी त्याला म्हटलं होतं की हे डॉक्टरांसोबत बसून वाच. तो म्हणाला, “अभी मम्मी को मत बताना.” मी नाही सांगितलं. पण निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि सरळ विचारलं, “मॅडमजी, मेरी रिपोर्ट आपने पढ़ी थी ना?”

अशा वेळी ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ हे तोंडावर येतंच. पण मी ते बोलले असते तर त्यांना पुढे कळल्यावर माझंही आणि घरच्यांचंही कुठलंच बोलणं त्यांना खरं वाटलं नसतं. आणि दुसरीकडे, आजाराचं नाव सांगणं हे माझं काम नाही. मला त्याचा टप्पा माहीत नाही, औषध काय ते माहीत नाही, आणि पुढचा प्रश्न आला तर माझ्याकडे उत्तर नाही. मी म्हटलं, “हो, वाचली. त्यात काय आहे ते सांगायचा हक्क डॉक्टरांचा आहे, कारण उपचारही तेच सांगू शकतील. उद्या राउंडला तुम्ही स्वतः विचारा. मुलाला म्हणा, शेजारी बस.” त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पूछूँगी.” रडल्या नाहीत. मला वाटतं त्यांना अंदाज होता, फक्त विचारायला परवानगी हवी होती.

तिथून उठून मी दोन गोष्टी केल्या. मुलाला गाठून सांगितलं की आईने विचारलंय आणि मी खोटं बोलले नाही, तेव्हा आता लपवून फायदा नाही. आणि समरी घेऊन आलेल्या रेसिडेंट ताईंना सांगितलं की अकरा नंबर उद्या विचारणार आहेत, घाईत नको, कुणीतरी बसून बोला. ताईंनी लगेच मागे वळून फाइलवर काहीतरी लिहिलं. मी ‘लवकर बऱ्या होऊन घरी जाल’ असं अकरा नंबरच्या बाईंना म्हटलं नाही. पुढच्या गुरुवारी टाका काढायला येणार आहे, चार वाजता भेटायची वेळ सुरू होते, तेव्हा वर येईन, एवढंच म्हटलं. ते माझ्या हातातलं होतं.

समरीबद्दल थोडं सांगते, कारण ती मिळते तेव्हा मन घराकडे लागलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. मी ताईंना थांबवून त्यांच्यासमोरच वाचली. नाव, वय, आणि कुठली बाजू. उजव्या फुप्फुसाला उजवंच लिहिलंय ना, हे बघायचं, कारण पुढचा प्रत्येक डॉक्टर त्या कागदावर विसंबणार. मग गोळ्या: अँटिबायोटिकची ६२५ची गोळी दिवसातून तीनदा, जेवणानंतर, किती दिवस. टाका कधी काढायचा. पट्टी ४८ तास उघडायची नाही. आणि कशासाठी तारखेची वाट न पाहता परत यायचं: ताप, अचानक दम, एका बाजूला टोचून दुखणं, जखमेतून पू किंवा हवा येणं. शेवटची ओळ नव्हती. मी विचारल्यावर ताईंनी हाताने लिहून सही केली. सहा नंबरच्या बाईंची दुसऱ्या दिवशी सुट्टी होणार होती, त्या ऐकत होत्या. त्यांना म्हटलं, तुम्हीही ही शेवटची ओळ मागून घ्या.

औषधं परत करताना एक प्रसंग झाला. माझ्या नावावरची इंजेक्शनं आणि एक न उघडलेला सलाइनचा सेट उरला होता. सात नंबरच्या मुलीने विचारलं, मावशी, हे आईला उपयोगी पडेल का, बाहेर महाग आहे. तिची ओढाताण मला माहीत होती. पण अँटिबायोटिक कुणाला कुठलं चालेल हे कल्चरवरून, म्हणजे जंतूंच्या तपासणीवरून ठरतं, आणि तिच्या आईचे जंतू माझे नव्हेत. तिला ते समजावलं आणि दुसरं सांगितलं, की रोज संध्याकाळी सिस्टरला विचारून न लागलेलं सामान फार्मसीत परत कर, अंतिम बिल व्हायच्या आधी केलं तरच पैसे वळते होतात. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. श्वास आत ओढला की प्लास्टिकच्या तीन गोळ्या वर जातात ते माझं श्वासाचं यंत्र तिला हवं होतं, तेही इन्चार्ज सिस्टरनी देऊ दिलं नाही. ते तोंडात धरायचं असतं, ज्याचं त्याने वापरायचं. आणि मलाही घरी जागेपणी दर तासाला दहा श्वास त्याच्यावर घ्यायचे होतेच.

आता स्टाफ. इंदूरच्या लोकांना निघताना तोंड गोड केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि यांनी पेढ्यांचा मोठा डबा आणला होता. खाटेखाटेला वाटायचा नाही हे मी आधीच बजावलं. काही दिवसांपूर्वी एक कुटुंब जाताना प्रेमाने केळी आणि नारळपाणी वाटून गेलं. चार नंबरच्या बाई डायलिसिसवरच्या. दोन्हीत पोटॅशियम भरपूर, आणि त्यांची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, त्यातून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सिस्टरने धावत येऊन त्यांच्या हातून केळं काढून घेतलं. त्या बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या. शिवाय वॉर्डात निम्म्या डायबेटिसच्या, एखादी दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनसाठी उपाशी. म्हणून डबा नर्सिंग स्टेशनवर दिला, सिस्टरांनी आपसात आणि ज्यांना चालेल त्यांना दिला.

इन्चार्ज सिस्टरनीच माझा वीगो काढला. तो सगळ्यात शेवटी काढतात, दुपारचं शेवटचं इंजेक्शन झाल्यावर. कापसाने दाबून धरायला सांगितलं, कोपर न दुमडता. त्या केरळच्या, इतकी वर्षं इंदुरात की हिंदीत ‘भैया’ला इंदुरी ‘भिया’ म्हणतात. मी त्यांना विचारलं की रात्रपाळीच्या सिस्टर आता नाहीत, त्यांचे आभार कसे मानू? जिने नळी घातलेल्या पहिल्या रात्री माझ्या कण्हण्यावर तीनदा येऊन उशी बदलली, उशी छातीला दाबून खोकायचं शिकवलं, ती त्या दिवशी घरी झोपलेली होती. निरोपात रात्रपाळी नेहमी सुटते. सिस्टर म्हणाल्या, अभिप्रायाच्या रजिस्टरमध्ये लिहा, मेट्रन वाचतात. मी ‘स्टाफ चांगला आहे’ असं नाही लिहिलं. कुठली तारीख, कुठली पाळी, काय केलं, ते लिहिलं. शाळेत मुलांच्या प्रगतिपुस्तकावर लिहितानाही मला मोघम शेरा कधी पटला नाही.

आमच्या मौसीचा प्रश्न निराळा होता. बेडपॅन देणारी, अंग पुसणारी, केस विंचरणारी ती. ती कंत्राटी एजन्सीची, तिचं नाव हॉस्पिटलच्या रजिस्टरला लागू होत नाही. पैसे देऊ नयेत अशी पाटी दारावरच होती आणि पाटीसमोर तिला पैसे देऊन तिची नोकरी अडचणीत आणायची नव्हती. मी तिच्या सुपरवायझरला बोलावून घेतलं आणि तिच्यासमोर सांगितलं की नळी लागलेल्या बाईला उठवताना ही आधी बाटली हातात घेते, मग बाईला हात देते. एकदाही चुकली नाही. सुपरवायझरने ते आपल्या फोनमध्ये लिहून घेतलं. मौसी पदर तोंडाशी धरून उभी होती. नंतर जिन्याशी येऊन म्हणाली, नऊ साल में पहली बार किसी ने इनके सामने बोला.

दीड वाजता मुलगा गेट पास घेऊन वर आला. सिस्टरने माझ्या मनगटावरची पट्टी कापली. खाट सोडताना नऊ नंबरला बोटाने बाटली दाखवली, नातीने वही वर करून दाखवली. गाडीत उशी छातीशी धरून बसले, कारण रामबागेपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला टाका आठवण देत होता.

गुरुवारी टाका निघाला आणि चारला मी वर गेले. अकरा नंबरला दुसऱ्या बाई होत्या. सिस्टर म्हणाल्या, त्यांनी दुसऱ्याच दिवशी राउंडला विचारलं, मुलगा शेजारी बसला होता, डॉक्टर बराच वेळ बोलले. आता कॅन्सरच्या डॉक्टरांकडे हलवलंय. मुलाने माझा नंबर मागून घेतला होता आणि तो वापरलाही, पण ते नंतरचं.

नऊ नंबरच्या माय बसून पोहे खात होत्या, वर जिरावण मसाला जास्तच. त्यांच्या अंगाला नळी नव्हती. नातीने वही उघडली: १३०, ११०, ८०, ६०, ५०. त्या खाली, “आज सुबह निकली.” तिने मला विचारलं की आता बाटली नाही, तर वहीत काय लिहायचं. मी सांगितलं, सकाळ-संध्याकाळचा ताप, आणि यंत्रातल्या तीनपैकी किती गोळ्या वर जातात ते. तिने लगेच नवे रकाने आखायला घेतले आणि मायना घास संपवून यंत्र हातात घ्यायला लावलं. पहिली गोळी वर गेली, दुसरी अर्ध्यावर थरथरली.

“दूसरी का आधा लिखूँ?” तिने विचारलं.

मी म्हटलं, आधा लिख.